‘कसं येणं केलंत?’ : समुपदेशनाच्या खोलीतलं पहिलं वाक्य

पत्र : ताई, मी एमएसडब्ल्यू केलं असून सहा महिन्यांपासून सातारा जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात समुपदेशक म्हणून बसते. प्रशिक्षणात सुरुवातीची तीन वाक्यं शिकवली होती : ‘हाऊ कॅन आय हेल्प’, ‘व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर’ आणि ‘टेल मी व्हॉट्स ऑन युअर माइंड’. मी ती मराठीत विचारते. ‘मी काय मदत करू?’ म्हटलं की लोक झोपेची गोळी मागतात. ‘इथे का आलात?’ म्हटलं की बिचकतात. ‘मनात काय आहे ते सांगा’ म्हटलं की ‘काही नाही’ म्हणून पदर सावरत बसतात. तिन्हीतलं बरोबर कोणतं? की माझंच काही चुकतंय?

उत्तर :

तुमच्या तिन्ही प्रश्नांना माणसं अगदी बरोबर उत्तरं देताहेत. जसा प्रश्न, तसं उत्तर. मी सांगलीत बरीच वर्षं अशाच एका खोलीत बसले आहे आणि ही तिन्ही वाक्यं वापरून झाली आहेत. माझं मत आधीच सांगते : समोरासमोरच्या पहिल्या भेटीत दुसरं वाक्य घ्यावं, पण ‘का’ काढून. ‘मदत’ भेटीच्या शेवटाकडे न्यावी. ‘मन’ पुढच्या भेटींसाठी राखून ठेवावं.

आधी त्या ‘का’बद्दल. मराठीत ‘का आलात?’ हा चौकशीचा प्रश्न नाही, तो जाब आहे. उशिरा घरी आलेल्या पोराला आपण ‘का रे, आत्ता का आलास?’ विचारतो. कचेरीतला शिपाई दारातच ‘का आलाय?’ म्हणतो. ज्या बाईनं दोन एसट्या बदलून, घरी काहीतरी कारण सांगून, तुमच्या दारापर्यंत यायची हिंमत केली, तिला हे ऐकल्यावर आपण यायला नको होतं असंच वाटणार. ‘कशासाठी आलात?’ थोडं बरं, पण तेही खिडकीवरचं वाक्य आहे. त्याला ‘दाखल्यासाठी’, ‘गोळ्यांसाठी’ असं एका शब्दाचं उत्तर येतं.

आता आपल्याकडे दारात पाहुणा आला की काय म्हणतो ते आठवा. ‘या, बसा. कसं काय येणं केलंत?’ तुमच्या-माझ्या भागात तर ‘कसं येणं केलंसा?’ हेच तोंडात असतं. त्यात जाब नाही. पाहुणा त्याला कारण देत नाही, हकीकत सांगतो : ‘तालुक्याला काम होतं, मग म्हटलं जाऊन यावं.’ तुमच्या खोलीतही हे वाक्य तेच काम करतं. आपल्याला काय झालंय, हे आलेल्या माणसाला सांगता येईलच असं नाही. पण आपण इथे कसे पोचलो, कुणी पाठवलं, कुणाबरोबर आलो, हे प्रत्येकाला सांगता येतं. ज्याचं उत्तर नक्की ठाऊक आहे असा प्रश्न पहिला आला की घशातला आवाज मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट या प्रश्नाने हाती येते आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते : माणसाला कुणी पाठवलं ते. आपल्याकडे समुपदेशकाकडे माणूस बहुतेक वेळा आपण होऊन येत नाही, त्याला कुणीतरी धाडलेलं असतं. डॉक्टरनी चिठ्ठी दिलेली असते, सुनेनं आणलेलं असतं, शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून सांगितलेलं असतं. अशा माणसाला ‘मी काय मदत करू?’ विचारलं तर तो अडकतो, कारण मदत पाहिजे असं त्याचं म्हणणंच नसतं.

ही अडचण आपल्याच भागातली आहे असं मात्र नाही. हार्वे सॅक्स नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते. लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात येणाऱ्या फोनची ध्वनिमुद्रणं त्यांनी शब्द न् शब्द अभ्यासली आणि १९६४ पासूनच्या आपल्या व्याख्यानांत त्यांवर बोलले. त्यातल्या एका फोनवर कर्मचारी आपलं नाव सांगून ‘मी आपली काही मदत करू शकतो का?’ असं विचारतो. पलीकडून उत्तर येतं, ‘काय माहीत, भावानं तुम्हाला फोन करायला सांगितलं.’ साठ वर्षांपूर्वीचं, दुसऱ्या देशातलं हे उत्तर, पण तुमच्या खोलीत गेल्या आठवड्यात आलं असेल. सॅक्स यांच्या लक्षात आलं की पहिलं वाक्य पुढच्या माणसाचं उत्तर घडवतं. कर्मचाऱ्यानं सुरुवातीलाच स्वतःचं नाव सांगितलं की पलीकडचा माणूसही बहुधा आपलं नाव सांगतो. त्याला थेट ‘तुमचं नाव काय?’ विचारावंच लागत नाही.

‘डॉक्टरनी पाठवलं’ हे उत्तर ऐकून नाउमेद होऊ नका, तिथूनच वाट सुरू होते. मी त्यानंतर दोन प्रश्न याच क्रमाने विचारते. ‘त्यांना काय वाटलं असेल, म्हणून पाठवलं?’ आणि मग, ‘बरं, आणि तुम्हाला काय वाटतं?’ पहिल्या प्रश्नात माणूस दुसऱ्याचं मत सांगतो, त्यामुळे त्याच्यावर ओझं येत नाही. दुसऱ्यात तो ते मत खोडायला म्हणून बोलू लागतो आणि खोडता खोडता स्वतःचं सांगतो.

एक भेट सांगते, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. द्राक्षपट्ट्यातली पंचेचाळिशीची बाई, बरोबर जाऊ. छातीत धडधड होते म्हणून दवाखान्यात गेल्या, ईसीजी स्वच्छ निघाला, डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या होत्या, मांडीवर नायलॉनची पिशवी, तिचे बंद बोटाला गुंडाळलेले. मी म्हटलं, ‘टेकून बसा की. पाणी घ्या. कसं येणं केलंत?’

उत्तर जाऊबाईंनी दिलं. ‘हिला रातीला झोप न्हाय, जेवण न्हाय, नुसती बसून ऱ्हाती.’ मी त्यांना म्हटलं, ‘तुमचं ऐकायचंय मला. आधी ह्यांना बोलू द्या, मग तुम्ही सांगा.’

‘डॉक्टरनी पाठवलं. पट्टी काढली, हार्टला काय न्हाय म्हणाले.’

‘मग इथं पाठवताना त्यांना काय वाटलं असेल?’

‘मनाचं हाय म्हणाले.’ जरा थांबून, थोड्या रागानंच, ‘पण माझ्या मनाला काय झालेलं न्हाय.’

‘बरं. तुम्हाला काय वाटतं, धडधड कशानं होते?’

यावर त्या गप्प झाल्या. बोटावरचा पिशवीचा बंद सोडला, परत गुंडाळला. मीही काही बोलले नाही. मग हळूच म्हणाल्या, ‘सांजच्याला होती. मोटारसायकलचा आवाज आला की.’

जाऊबाईंना मी थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. कळलं ते असं : बाईंनी दोन गटांतून कर्ज उचललं होतं, एक मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी आणि दुसरं पहिल्याचे हप्ते फेडायला. दुसऱ्याचं घरात कुणालाच माहीत नव्हतं. वसुलीचा माणूस मोटारसायकलवरून गल्लीत यायचा. धडधड त्या आवाजाची होती.

त्यांना मी ‘काय मदत करू?’ विचारलं असतं तर ‘झोप लागंल अशी गोळी द्या’ हे उत्तर आलं असतं, आणि आम्ही दोघी गोळी मिळेल की नाही यावरच बोलत राहिलो असतो. ‘मनात काय आहे?’ विचारलं असतं तर ‘काय न्हाय’ आलं असतं, कारण मनाचं आहे म्हणणाऱ्या डॉक्टरांवर त्या आधीच रागावल्या होत्या.

‘मदत’ या शब्दात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे त्यात न बोलता दिलेलं आश्वासन असतं. शासकीय इमारतीत, टेबलामागे बसलेल्या बाईनं ‘काय मदत करू?’ म्हटलं, की ऐकणाऱ्याला ही काहीतरी देणार असं वाटतं : गोळी, दाखला, अनुदान, नाहीतर कुणाला तरी दम. तुमच्या हातात यातलं काहीच नसतं. दुसरी अडचण अशी की मदत मागायची तर आधी उपाय ठरवावा लागतो. माणूस अजून दुखणं सांगायच्या आधीच उपाय मागून मोकळा होतो, आणि आपण त्या उपायाच्या मागे धावतो.

मी धावले आहे. सुरुवातीच्या वर्षांत एक सत्तरीचे आजोबा आले होते. मी अगदी आस्थेनं विचारलं, ‘आजोबा, काय मदत करू?’ ते म्हणाले, ‘पोराला समजवा, दारू सोडंना झालाय.’ मी पोराला बोलावलं. तीन भेटी पोराच्या दारूवर गेल्या, आजोबा दर वेळी बाहेरच्या बाकावर बसलेले. चौथ्या वेळी पोरगा आला नाही म्हणून मी आजोबांना आत घेतलं आणि तेव्हा मला त्यांच्या सैल झालेल्या बंडीकडे नीट बघायला सवड झाली. त्यांची बायको पाच महिन्यांपूर्वी गेली होती. तेव्हापासून ते एक वेळ जेवत होते आणि पहाटे दोनलाच उठून बसत होते. हे त्यांनी लपवलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. मी मदत विचारली, ती त्यांनी सांगितली. ‘आजोबा, कसं येणं केलंत?’ म्हटलं असतं तर घरात आता कोण-कोण आहे इथपासून सुरुवात झाली असती, असं मला आजही वाटतं.

म्हणून मदतीचा प्रश्न मी टाकून दिलेला नाही, त्याची जागा बदलली. भेट पाऊण तासाची असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत मी विचारते, ‘आज माझ्याकडून काय झालं तर इथवर आल्याचं चीज झालं असं वाटेल?’ तोवर माणसानं आपलं सांगून झालेलं असतं, त्यामुळे मागणीही बदलते. त्या बाई शेवटी म्हणाल्या, ‘मालकांस्नी कसं सांगायचं तेवढं सांगा.’ यात मला खरंच काहीतरी करता येण्यासारखं होतं. काय माझ्या हातात नाही, तेही मी याच वेळी स्पष्ट सांगते : गोळी डॉक्टर देतील, हप्ता माझ्याच्यानं थांबणार नाही.

आता तिसरं वाक्य. ‘मनात काय आहे ते सांगा’ हे ऐकायला सगळ्यात मायेचं वाटतं, म्हणून नव्या समुपदेशकांना ते फार आवडतं. पण मराठी कानाला ते कसं लागतं बघा. ‘तुझ्या मनात आहे तरी काय?’ हे आपण ज्याच्या हेतूचा संशय येतो त्याला विचारतो. आणि ‘मनातलं सांगणं’ ही बहिणीशी, मैत्रिणीशी, तेही चुलीपाशी करायची गोष्ट आहे. पाच मिनिटांपूर्वी भेटलेल्या बाईपाशी कुणी ती का करावी? शिवाय रुग्णालयात ‘मन’ शब्द उच्चारला की ‘म्हणजे मला वेड लागलंय म्हणता का?’ ही शंका जवळच उभी असते.

आपली माणसं मनाचं दुखणं ‘जिवा’च्या भाषेत सांगतात. ‘जिवाला घोर लागलाय’, ‘जीव रमत नाही’, ‘जीव घाबराघुबरा होतो’. तीच भाषा आपण वापरावी. ‘जिवाला कशाचा घोर आहे?’ हे पहिल्या भेटीतही मधेच विचारता येतं आणि त्याने कुणी बिचकलेलं मला आठवत नाही. ‘मनातलं’ हा शब्द दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, ओळख झाल्यावर, आपोआप येतो. कॉलेजातली मुलं याला अपवाद. त्यांच्याकडे ‘टेन्शन’ हा शब्द तयार असतो, तोच धरून पुढे जावं.

फोनवर मात्र हिशेब उलटा. तिथे कुणी आलेलंच नसतं, त्यामुळे ‘कसं येणं केलंत’ला जागा नाही, आणि चेहरा दिसत नसल्यामुळे मनातलं सांगणं सोपं जातं. फोनवर मी नाव सांगते आणि एवढंच म्हणते, ‘बोला, मी ऐकतेय.’ मराठीतलं ‘बोला’ फार कामाचं आहे. त्यात ना मदतीचं आश्वासन, ना मनाची झडती.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, ती मी विचारते. या प्रश्नाच्या आधी तुम्ही केसपेपर भरता का? नाव, वय, गाव, शिक्षण, मुलं किती, नवरा काय करतो, अशा सहा प्रश्नांना सहा शब्दांत उत्तरं दिली की माणसाला त्या खोलीची रीत कळते : इथे विचारतील तेवढंच सांगायचं. मग सातवा प्रश्न कितीही मोकळा असला तरी उत्तर एका शब्दाचंच येणार. शक्य असेल तर नाव आणि गाव विचारून पेन खाली ठेवा, बाकीचे रकाने भेटीच्या शेवटी भरा. बरीचशी माहिती तोवर बोलण्यात येऊन गेलेली असते.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. बेकमन आणि फ्रँकेल या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९८४ साली डॉक्टरांच्या ७४ भेटींची ध्वनिमुद्रणं तपासली. रुग्ण बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मधे बोलत होते. मग न अडवता ऐकलं तर रुग्ण किती वेळ बोलतो? स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या रुग्णालयात तेही मोजलं गेलं, २००२ साली ते प्रसिद्ध झालं. ३३५ रुग्णांची सरासरी ९२ सेकंद निघाली आणि दहातले जवळजवळ आठ जण दोन मिनिटांच्या आत आपण होऊनच थांबले. बाहेर रांग असली तरी दोन मिनिटं परवडतात. मघाच्या भेटीत त्या बाई गप्प झाल्या तेव्हा मी ‘घरात काही टेन्शन आहे का?’ असं विचारलं असतं, तर ‘न्हाय’ आलं असतं आणि मोटारसायकलचा आवाज कधीच कळला नसता.

शांतता कोणती आणि कोंडी कोणती, हे हातांकडे बघून कळतं. हात काहीतरी करत असतील, पदर, पिशवी, बांगडी, तर आत शब्द जुळताहेत, थांबावं. हात निपचित पडलेले, नजर जमिनीवर आणि श्वास उथळ असेल तर जास्त ताणू नये. ‘सावकाश सांगा. हवं तर आज नुसतं झोपेचं बोलू’ असा छोटा दरवाजा उघडून द्यावा.

बरोबर आलेल्या माणसाचंही बघा. त्याला एकदम बाहेर काढलं की आत काय चाललंय या शंकेनं तो घरी जाऊन खोदून विचारतो. मी बसल्या-बसल्याच सांगते, ‘आधी दोघींशी बोलते, मग थोडा वेळ फक्त ह्यांच्याशी, सगळ्यांच्याच बाबतीत असं करतो आम्ही.’ हे सुरुवातीलाच सांगितलं की नंतर अवघड जात नाही.

एका ठिकाणी मात्र या सगळ्या आडवळणाच्या सुरुवाती बाजूला ठेवायच्या. ‘कसं येणं केलंत’च्या उत्तरात ‘आता नको झालंय’, ‘माझ्यामागं पोरांचं बघा’, ‘सुटले तर बरं’ असं काही आलं, तर लगेच आणि सरळ विचारा : ‘जीव द्यावासा वाटतो का? कसा, काही ठरवलंय का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट कुणीतरी उच्चारलं म्हणून माणूस सुटकेचा श्वास सोडतो. आपल्या भागात शेतावरच्या फवारणीचं औषध घरातच असतं, म्हणून ते कुठे ठेवलंय हेही विचारायचं आणि घरच्या विश्वासाच्या माणसाकरवी ते त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात ठेवायला लावायचं. जीव द्यावासा वाटतोय त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि मनोविकारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी न्यायचं. टेली मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, तो कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून हातात द्यायचा.

आता तुम्ही एक करून बघा. वहीत पंधरा दिवस प्रत्येकाचं पहिलं वाक्य जसंच्या तसं, त्यांच्याच बोलीत लिहा, भेट संपल्यावर लगेच. पहिला आठवडा तुमच्या नेहमीच्या प्रश्नाने, दुसरा ‘कसं येणं केलंत?’ने. मग दोन्ही आठवड्यांच्या पानांत तीन गोष्टी बघा : ते वाक्य मागणीचं आहे की हकीकतीचं, ते आलेल्या माणसानं उच्चारलं की बरोबरच्यानं, आणि त्यात दुसऱ्या कुणाचं नाव आहे का. ज्याचं नाव आहे, बहुतेक वेळा पुढची भेट त्याच्याभोवती असते. माण-खटावकडची माणसं असतील तर ‘येणं केलंसा’ म्हणून बघा, साताऱ्याच्या पेठेतली असतील तर ‘केलंत’ ठेवा. कानाला परकं वाटणारं रूप ओढून-ताणून बोलू नका, ते लगेच कळतं.

पानं भरली की मला त्यातली चार-पाच वाक्यं नावं-गावं काढून पाठवा. ती वाचून तुमच्या खोलीसाठी पुढचा प्रश्न आपण दोघी मिळून ठरवू.